खात्यात पैसे ‘आत्ताच’ आलेत, मग व्हिसाला अडतं का?

पत्र: ताई नमस्कार. मुलीला यूकेत शेफील्डला एमएस्सीचं अ‍ॅडमिशन झालंय, कोर्स सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतोय. फी २२ हजार पाउंड, त्यातले ५ हजार भरलेत. मी साखर कारखान्यात नोकरीला आहे. पैशासाठी जमिनीचा एक तुकडा विकला, त्याचे १९ लाख ८ जूनला माझ्या पगाराच्या खात्यात आले. धाकट्या भावाने ६ लाख टाकले. आधीचे २ लाख ८० हजार खात्यात होतेच. पतसंस्थेत ७ लाखाची ठेव आहे आणि घरात ३ लाख रोख आहेत, ते भरायचे राहिलेत. आता एजंट म्हणतो आत्ता आलेला पैसा चालत नाही, सहा महिने जुना लागतो, मी फंड दाखवून देतो, दोन टक्के द्या. पैसे माझे स्वतःचे, जमीन माझ्या आजोबांची, मग मलाच प्रश्न का विचारणार? काय करू?

उत्तर: दादा, पहिली गोष्ट त्या एजंटला दोन टक्के काय, दोन रुपये पण देऊ नका, का ते खाली सांगतेच. आणि सहा महिने जुना पैसा लागतो हा यूकेचा नियम नाहीच, लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी, एवढाच तिथला नियम आहे. इतर काही देशांत मागच्या काही महिन्यांची स्टेटमेंट मागतात, अमेरिकेत तर दिवसांचा नियमच नाही, समोरचा ऑफिसर काय विचारेल ते विचारेल, आणि लोक हे सगळं एकत्र कालवून एकमेकांना सांगत बसतात. तुमचं काम यूकेचं आहे म्हणून मी फक्त यूकेचंच बोलते.

आधी किती दाखवायचे ते बघू, कारण खूप जणांचा आकडाच चुकलेला असतो. युनिव्हर्सिटी व्हिसासाठी प्रवेश पक्का झाल्याचा जो कागद देते, ज्याला कॅस म्हणतात, त्यावर एकूण फी किती आणि त्यातली भरलेली किती हे लिहिलेलं असतं. तुमची राहिलेली फी १७ हजार पाउंड. त्यात राहण्याखाण्याचा खर्च मिळवायचा, लंडनच्या बाहेर असेल तर महिन्याला १,१७१ पाउंड, जास्तीत जास्त नऊ महिने, म्हणजे १०,५३९ (हा दर नोव्हेंबर २०२५ पासूनचा आहे, जुन्या व्हिडिओत १,१३६ ऐकाल तर ते सोडून द्या, आणि अर्ज करायच्या आधी चालू दर एकदा बघून घ्या). दोन्ही मिळून २७,५३९ पाउंड. आता याचे रुपये किती? ते तुमच्या बँकेच्या रेटने धरत नाहीत, अर्जाच्या तारखेला ओआंडाच्या साइटवर जो रेट असेल तो धरतात. समजा १२० रुपये धरला तर ३३ लाख ५ हजार होतात. पण रुपया घसरून १२६ झाला तर तेवढ्याच पाउंडांचे ३४ लाख ७० हजार होतात! म्हणून बरोब्बर आकड्याला चिकटून पैसे ठेवायचे नाहीत, पाचएक टक्के वर असू द्या.

तुमचे जमिनीचे १९, भावाचे ६, पतसंस्थेचे ७ आणि आधीचे २ लाख ८०, असे ३४ लाख ८० होतात. म्हणजे १२६ चा रेट झाला तरी तुम्ही कसेबसे का होईना बसताय. घरातल्या ३ लाख रोकडीची गरजच नाही, आणि ती या खात्यात भरू पण नका, त्याचं पुढे सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न, मलाच का विचारणार. तुम्ही जरा टेबलाच्या पलीकडे जाऊन बसा. ऑफिसरसमोर एक स्टेटमेंट येतं, खात्यात मे महिन्यात ४०-५० हजार पगार येतोय, किराणा, लाइट बिल, पेट्रोल, गाडीचा हप्ता, बॅलन्स अडीच-तीन लाखाच्या आसपास फिरतोय, आणि एक दिवस एकदम १९ लाख, मग ६ लाख. त्याला तुम्ही कोण, तुमचे आजोबा कोण, हे काही माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं की वर्षाला ५-६ लाख मिळवणाऱ्या माणसाच्या खात्यात आठवड्यात चार-पाच वर्षांचा पगार आला. आणि असंच दिसणारं खातं त्याने आधी ढिगाने बघितलेलं असतं, ते म्हणजे तुमच्या एजंटवाल्या ‘फंड दाखवतो’ प्रकाराचं. त्यात काय होतं, एखादा फायनान्सर मुलाच्या नावाने किंवा वडलांच्या नावाने खातं उघडायला लावतो, त्यात ३०-३५ लाख टाकतो, सही केलेलं चेकबुक आणि नेट बँकिंगचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, अठ्ठावीस दिवस झाले की स्टेटमेंट काढून देतो आणि पैसे परत घेऊन जातो. त्या मुलाकडे तिकडे गेल्यावर फी भरायला एक रुपया नसतो. २८ दिवसांचा नियम आहेच यासाठी की उसना आणून एक दिवस मिरवलेला पैसा चालू नये, पण फायनान्सर २८ दिवस पण भाड्याने देतो, म्हणून ऑफिसर दिवस मोजून थांबत नाही, पैसा आला कुठून हे पण बघतो.

म्हणजे वरून बघितलं तर तुमचं खातं आणि भाड्याच्या फंडाचं खातं सारखंच दिसतं, फरक कागदात आहे. तुमच्या प्रत्येक मोठ्या रकमेच्या मागे एक कागद उभा करता येतो, त्याच्या नाही येत. आणि तुमचा खरा पैसा बाजूला ठेवून तुम्ही दोन टक्के देऊन खोट्याच्या रांगेत जाऊन उभे राहणार, याला काय म्हणायचं! बँकेकडून ते पडताळणी करून घेतात, आणि कागद खोटा किंवा माहिती लपवलेली निघाली तर नुसता व्हिसा नाकारून सोडत नाहीत, फसवणूक म्हणून दहा वर्षांपर्यंत यूकेचे पुढचे अर्जही नाकारले जाऊ शकतात. एजंटचं काय जातंय, शिक्का मुलीच्या पासपोर्टच्या नावावर बसतो.

आता एकेक रक्कम घेऊ.

जमिनीचे १९ लाख सगळ्यात सोपे. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत, इंडेक्स टू, आणि विक्रीच्या आधीचा सातबारा ज्यावर तुमचं नाव आहे. आजोबांची जमीन तुमच्या नावावर वारसाने आली असेल तर तो फेरफार पण जोडा. हे मराठीत असतं म्हणून इंग्रजी भाषांतर करून घ्या, भाषांतर करणाऱ्याने खाली ‘मूळ कागदाचं बरोबर भाषांतर आहे’ असं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क टाकायला हवा, नुसतं टाइप केलेलं चालत नाही. मुख्य बघायचं ते हे की खरेदीखतात जी रक्कम लिहिलीय तीच खात्यात आलीय का, आणि ज्याने जमीन घेतली त्याच्याच खात्यातून आलीय का. खरेदीखतात १९ आणि खात्यात १९, आरटीजीएस खरेदीदाराच्या नावाने, मग ऑफिसरला विचारायला काही उरतच नाही.

आणि इथेच मला तुमच्या त्या ३ लाख रोकडीची शंका येतेय. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जमीन विकल्यावर लगेच घरात तीन लाख रोख म्हणजे बहुतेक व्यवहारातले ‘वरचे’ असणार, आपल्याकडे कसं चालतं ते सगळ्यांना माहितीय. तसं असेल तर ते या फाइलमध्ये अजिबात आणू नका. ते खात्यात भरले की खरेदीखतात १९ आणि खात्यात जमिनीचे म्हणून २२, आणि मग स्वच्छ १९ लाखावर पण संशय. शिवाय जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं तुमच्यासारख्या पगारदार, टॅक्स भरणाऱ्या माणसाला आयकर कायद्याप्रमाणे चालत नाही, त्याचा दंड तेवढ्याच रकमेचा असू शकतो, ते तुमच्या सीएशी बोला. काही जण यावर युक्ती काढतात, पॅन द्यावा लागू नये म्हणून रोज ४९-४९ हजार भरत बसतात. स्टेटमेंटवर ते कसं दिसतं माहितीय? सोमवारी ४९, मंगळवारी ४९, गुरुवारी ४९, लहान पोरगं पण सांगेल की काहीतरी लपवताय. आणि ती रोकड साधी असेल, म्हणजे तुमच्याच खात्यातून कधीतरी काढून ठेवलेली, तर काढल्याची एन्ट्री दाखवता येईल, पण तरीही गरज नसताना कशाला?

भावाचे ६ लाख. इथे एक नीट समजून घ्या, यूकेच्या नियमात पैसा विद्यार्थ्याच्या किंवा आईवडलांच्या (नाहीतर कायदेशीर पालकाच्या) नावावर लागतो. काकांच्या, मामांच्या, आजोबांच्या खात्यातला पैसा थेट दाखवता येत नाही, मग ते कितीही जवळचे असोत. म्हणून तो तुमच्या खात्यात आला ते बरोबरच झालं. पण मला सांगा, भावाने दिलेत ते कायमचे का हातउसने? कायमचे असतील तर भावाकडून एक साधं पत्र घ्या, की पुतणीच्या शिक्षणासाठी मी माझ्या भावाला ६ लाख बक्षीस म्हणून दिलेत, परत मागणार नाही, सोबत त्याच्या खात्याचं स्टेटमेंट ज्यात पैसे जाताना दिसतात आणि शक्य असेल तर त्याचं आयटी रिटर्न. सख्ख्या भावाने दिलेल्या बक्षिसावर तुम्हाला टॅक्स लागत नाही, ती काळजी नको. आणि जर घरात ठरलेलं असेल की व्हिसा झाला की भावाचे परत द्यायचे, तर असं पत्र लिहू नका, कारण मग ते तुमच्या एजंटच्या फंडासारखंच झालं की, फक्त व्याज नाही एवढंच. अशा वेळी तेवढी रक्कम शैक्षणिक कर्जाने भागवा. बँकेचं सँक्शन लेटर मुलीच्या नावाने हवं, सहा महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि त्यात पैसे मुलगी निघायच्या आधी उपलब्ध होतील किंवा थेट युनिव्हर्सिटीला जातील असं स्पष्ट हवं. कर्जाला २८ दिवसांचा नियम लागत नाही. ज्यांचे दिवस कमी पडतायत त्यांच्यासाठी खरं तर हाच सरळ रस्ता आहे, पण लोकांना कर्ज म्हटलं की कमीपणा वाटतो, असो.

पतसंस्थेचे ७ लाख. ही ठेव पावती जशीच्या तशी दाखवायच्या भानगडीत पडू नका. यूकेचा व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसला अशी संस्था लागते जिच्यावर तिथल्या रेग्युलेटरचं नियंत्रण आहे, जिच्या नोंदी कॉम्प्युटरवर आहेत आणि जिच्याकडे ते पडताळणी करू शकतात. आपल्या पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या बँक नाहीत, आणि तालुक्याच्या पतसंस्थेला दिल्लीहून इंग्रजीत ईमेल आला तर उत्तर कोण देणार? ठेव मोडा, मोडल्याची पावती आणि पतसंस्थेचा खातेउतारा घ्या, आणि पैसे चेकने किंवा आरटीजीएसनेच तुमच्या बँक खात्यात आणा. मॅनेजर ओळखीचा आहे, ‘रोखच घेऊन जा’ म्हणेल, नाही म्हणा. (मोठ्या शेड्यूल्ड बँकेतली एफडी मात्र चालते, कधीही मोडता येत असेल आणि तिच्यावर कर्ज काढलेलं नसेल तर.)

आता दिवस मोजायचे कसे, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात. तुम्ही धरून बसलाय की ८ जूनला पैसे आले, म्हणजे ८ जूनपासून २८ दिवस. तसं नाही. ज्या दिवशी एकूण शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या वर गेली तो पहिला दिवस. तुमच्याकडे आत्ता २७ लाख ८० हजारच आहेत, ३३ लाखाला कमीच, म्हणजे तुमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही! समजा पतसंस्थेचा चेक २० जूनला वटला, तर २० जून पहिला दिवस, आणि अठ्ठाविसावा दिवस १७ जुलै. मी एक-दोन दिवस जास्तच घेते, १९ जुलैपर्यंतचं स्टेटमेंट काढा. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांच्या आत असायला हवी, म्हणजे १९ ऑगस्टपर्यंत तुम्ही अर्ज करू शकता, आणि अर्जाची तारीख म्हणजे ज्या दिवशी ऑनलाइन व्हिसा फी भरली तो दिवस, बायोमेट्रिकला गेलात तो नव्हे. निकालाला साधारण तीन आठवडे धरतात, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भरून टाका.

या २८ दिवसांत एकाही दिवशी शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या खाली जाता कामा नये. एकाही दिवशी म्हणजे खरंच एकाही. सरासरी बघत नाहीत. तुमचं हे पगाराचं खातं आहे, त्यातून गाडीचा हप्ता, एलआयसी, एसआयपी असं काहीतरी आपोआप कापलं जात असणार. तुमच्याकडे पावणेदोन लाखाची मोकळीक दिसते, पण ती १२० च्या रेटने, रेट १२६ ला गेला की उरतात फक्त दहा हजार, आणि गंमत म्हणजे मागच्या २८ दिवसांची शिल्लक पण अर्जाच्या दिवशीच्याच रेटने मोजतात. म्हणजे १० जुलैला तुम्ही बियाण्याचे वीस हजार या खात्यातून दिलेत, तेव्हा सगळं ठीक दिसत होतं, आणि महिनाअखेर रुपया घसरला, की तोच १० जुलै तुम्हाला नडतो. मग दुसऱ्या दिवशी पैसे परत भरलेत म्हणून माफ होत नाही, मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून तेवढे दिवस घरखर्च वहिनींच्या खात्यातून करा, हप्ते पगारातून भागतायत का ते बघा, आणि यूपीआय या खात्याला जोडलेलं असेल तर काढूनच टाका, चहाचे वीस रुपये पण त्यातून नकोत. अर्जाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, वर्षाला ७७६ पाउंड, म्हणजे मुलीच्या व्हिसाच्या मुदतीनुसार लाखाच्या वर जातील, ते आणि व्हिसा फी दुसऱ्या खात्यातून भरा. सरचार्ज आणि व्हिसा फी वरच्या ३३ लाखांत धरलेली नाही हे पण लक्षात ठेवा.

बरं, आणि समजा काही कारणाने पतसंस्था महिनाभर पैसे द्यायला टाळाटाळ करायला लागली, तर एक वाट आहे. पैसे मिळाले की ते थेट युनिव्हर्सिटीला फी म्हणून भरा आणि कॅसवर भरलेली रक्कम अपडेट करून घ्या. भरलेल्या फीला २८ दिवस लागत नाहीत, तेवढी रक्कम दाखवायच्या आकड्यातून सरळ वजा होते. फक्त व्हिसा नाकारला गेला तर युनिव्हर्सिटी किती परत देते ते आधी वाचा.

स्टेटमेंट किती महिन्यांचं द्यायचं? नियमाने २८ दिवसांचं पुरतं, आणि काही लोक मुद्दाम मोठी रक्कम आल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचं स्टेटमेंट काढतात, म्हणजे ती एन्ट्रीच दिसायला नको. मला ते पटत नाही. ओपनिंग बॅलन्सच ३४ लाख आणि पगार ४५ हजार, म्हटल्यावर ऑफिसरला जे विचारायचं ते तो विचारणारच, आणि वर लपवल्यासारखं दिसतं. मी तुमच्या जागी असते तर एप्रिलपासूनचं दिलं असतं आणि सोबत एका पानाचं पत्र, ८ जूनचे १९ लाख कशाचे, भावाचे ६ कशाचे, २० जूनचे ७ कशाचे, समोर कोणता कागद जोडलाय त्याचा नंबर. झालं. भावना, गरिबी, मुलीची हुशारी यातलं काही त्या पत्रात नको.

बँकेतून घेताना ‘बॅलन्स सर्टिफिकेट’ मागू नका, त्यात फक्त एका दिवसाची शिल्लक असते आणि त्यावर अर्ज पडतो. स्टेटमेंट घ्या, त्यावर बँकेचं नाव आणि लोगो, तुमचं नाव, खाते नंबर, तारखा, सगळे व्यवहार दिसायला हवेत. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, घराचं व्हॅल्युएशन, सोन्याची पावती, पीएफ, शेअर्स यातलं काहीही ‘पैसे’ म्हणून धरत नाहीत. एजंट लोक फाइल जाड दिसावी म्हणून घालतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. तुमचं आयटी रिटर्न आणि पगाराच्या स्लिपा मात्र जोडा, सक्तीच्या नाहीत पण चित्र पूर्ण होतं.

मुलीलाही हे सगळं तोंडपाठ नाही तरी माहीत हवं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होऊ शकते आणि त्यात फी कोण भरणार, वडील काय करतात, पैसे कुठून आले, हे विचारतात. आपल्याकडे मुलांना घरातल्या पैशाचं काही सांगायची पद्धत नाही, मग ती तिथे म्हणते “काकांनी उधार दिलेत” आणि फाइलमध्ये काकांचं बक्षीसपत्र! एक संध्याकाळ बसून तिला खरेदीखत दाखवा, आकडे सांगा.

आणि पैसे तुमच्या खात्यात आहेत म्हणून तिचा जन्मदाखला लागणार ज्यावर तुमचं नाव आहे, आणि तुमच्या सहीचं पत्र की ही माझी मुलगी आणि हे पैसे तिला वापरायला माझी परवानगी आहे. जन्मदाखला आजच कपाटातून काढून बघा. जुन्या दाखल्यावर खूपदा मुलीचं नावच घातलेलं नसतं, किंवा तुमचं नाव बँकेत ‘बाळासाहेब’ आणि दाखल्यावर वेगळंच असतं. तसं असेल तर उद्याच ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत अर्ज द्या, कारण पैशाचे २८ दिवस आपोआप सरतील, पण तो दाखला दुरुस्त होऊन यायला किती वेळ लागेल हे तिथला क्लार्क पण सांगत नाही.